पोटमाळ्यावरचा माल

आमच्या ऑफिसात काम सोपवायचं म्हणजे मोठे साहेब केबिनच्या दारात उभे राहून दोन शब्द बोलायचे, "बघून घ्या." काय बघायचं, कधीपर्यंत, कुणाला विचारून, हे ज्याचं त्याला कळायला हवं. नाही कळलं तर तो माणूस आमच्याकडे टिकायचा नाही. गोडाऊनचे काका तिथे उभी हयात टिकले, यावरून काय ते समजा.

आमची कंपनी घरघंट्या बनवते, म्हणजे घरच्या घरी दळण दळायच्या गिरण्या. मी ग्राहकांच्या तक्रारींच्या टेबलावर बसते. "ताई, पीठ जाड येतंय," "ताई, दार लावलं तरी सुरू होत नाही," अशी दिवसभर गाऱ्हाणी ऐकायची आणि त्यातून जाळी गेली की स्विच गेला हे ओळखून कारागीर पाठवायचा. कारागिराला सुटा भाग लागतो, तो काका देतात. त्यामुळे माझं आणि काकांचं रोजचं भांडण होतं. बिबवेवाडीतल्या ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं गोडाऊन होतं आणि तिथे काय कुठे आहे हे एकतर काकांना माहीत असायचं, नाहीतर देवाला.

मोठे साहेब वयोमानाने घरी बसले आणि नव्या मॅडम आल्या. वयाने माझ्याहून लहान, एका मोठ्या कंपनीतून आलेल्या. ओरडायच्या नाहीत, केबिनचं दार उघडं ठेवायच्या. आम्हाला याची सवय नसल्यामुळे आम्ही त्यांच्यावर संशय घेतला. पुण्यात चांगल्या वागणुकीचा संशय घेतातच.

बिबवेवाडीच्या जागामालकाला ती जागा बिल्डरला द्यायची होती. त्यामुळे गोडाऊन शहराबाहेर मांजरीला हलवायचं ठरलं. मॅडमनी ते काम काकांवर सोपवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांच्या नावाने मेल आला. त्यासाठी त्यांचा ईमेल पत्ताही नवा काढावा लागला. सुटे भाग वेळेवर मिळण्याशी माझा संबंध, म्हणून एक प्रत मला. मेल इंग्रजीत होता. काका माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ताई, जरा वाचून दाखवा. नीट वाचा, गाळू नका काही."

मी मराठी करत करत वाचला. काम काय, तर गोडाऊन हलवणं. शेवटी काय झालेलं दिसलं पाहिजे, तर बिबवेवाडीची जागा झाडून-पुसून रिकामी, चावी जागामालकाच्या हातात. मांजरीला माल रॅकवर, जमिनीवर काहीही नाही, कारण आजूबाजूला ऊस आहे, ओल येते आणि उंदीर येतात. आणि कुठलाही भाग कुठे आहे हे कॉम्प्युटरवर सापडलं पाहिजे. कधीपर्यंत, तर महिनाअखेर. तुमच्या अधिकारात काय, तर टेम्पो, हमाल, कुठल्या दिवशी काय हलवायचं, मांजरीला मांडणी कशी करायची, हे सगळं तुम्ही ठरवा, मला विचारू नका. तुमच्या अधिकारात काय नाही, तर नवे रॅक मागवायचे नाहीत आणि कुठलाही माल भंगारात द्यायचा नाही. या दोन गोष्टींची गरज पडली तर मला सांगा, मी ठरवीन. आणि शेवटी, मधल्या बुधवारी अकरा वाजता आपण बसू. तेव्हा मला तीन गोष्टी सांगा: काय झालं, काय अडलं, माझ्याकडून काय हवं.

काकांनी डोळे मिटून ऐकलं, आरती ऐकावी तसं. मग म्हणाले, "बाई शिकलेली हाय."

"ते दिसतंच आहे," मी म्हटलं. "पण भंगारात द्यायचं नाही आणि रॅक मागवायचे नाहीत, मग पोटमाळ्याचं काय करणार?"

पोटमाळा हे काकांचं खरं राज्य होतं. खाली चालू मॉडेलचा माल आणि वर बंद झालेल्या मॉडेलच्या जाळ्या, मोटरी, पत्र्याची दारं, स्विच, पाती. कंपनीने ती मॉडेलं बनवायची सोडून कैक वर्षं झाली. पण कुठल्या तरी आजींचा फोन यायचा, त्यांची घरघंटी लेकीच्या जन्माच्या वेळची असायची, आणि काका वर चढून, धुळीने माखून, नेमकी तीच जाळी घेऊन खाली यायचे. असं वर्षातून तीन-चारदा. त्या तीन-चार वेळांसाठी सबंध पोटमाळा भरलेला. तो माल हिशेबात अजून कंपनीचा म्हणून उभा होता, त्यामुळे तो काढून टाकायचा तर वरच्याची परवानगी लागणारच होती. मॅडमनी ती मर्यादा घातली यात काही वावगं नव्हतं.

"मांजरीला मावणार नाही तो माल," मी म्हटलं. "आत्ताच उलट मेल करा. मी टाइप करून देते. रॅक वाढवून द्या, नाहीतर जुन्या मालाचं काय करायचं ते सांगा."

काकांना ते पटेना. "काम हातात पडलं न् लगेच अडचण सांगायची व्हय? साहेबांपुढं अडचण घेऊन जायचं नसतं, ताई. निभावून मग जायचं."

हे मोठ्या साहेबांचं शिक्षण होतं. अडचण सांगायला गेलेल्या माणसाला ते म्हणायचे, "मग तुम्हाला कशाला ठेवलंय?" एकदा ऐकलं की माणूस पुन्हा दारात जात नसे. काकांनी ते कधी ऐकलंच नाही, कारण ते कधी गेलेच नाहीत. याचा त्यांना अभिमान होता. मला तेव्हाही त्या अभिमानाची चीड आली होती आणि आजही येते.

यात काकांचं काय पणाला लागलं होतं, ते सांगायला हवं. दिवाळीत त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. आमच्याकडे अठ्ठावन्नला निवृत्ती, पण कंपनीला वाटलं तर दोन वर्षं वाढवून मिळतात. मॅडमनी त्यांना तोंडी सांगितलं होतं की मांजरीचं गोडाऊन नीट लागलं तर ते त्यांच्याच ताब्यात राहील. काका धायरीचे, मूळचे तिथलेच शेतकरी. शेत कधीच फ्लॅटखाली गेलं होतं. मुलं आपापल्या संसारात. घरी पैशाला कमी नव्हतं. पण घरी बसायच्या कल्पनेनेच त्यांना धडकी भरायची. "घरी बसून करू काय?" असं ते दर दोन दिवसांनी विचारायचे.

काम त्यांनी झोकात सुरू केलं. टेम्पो ठरवला, हमाल आणले, चालू मॉडेलचा माल पहिला हलवला. मांजरीला स्वतः उभं राहून रॅकवर चिठ्ठ्या लावल्या. त्या दिवसांत माझ्या एकाही ग्राहकाची जाळी अडली नाही. पण मी रोज विचारायची, "पोटमाळा?" आणि ते रोज म्हणायचे, "त्याचं बघतो मी."

बुधवार आला. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. काकांनी मोबाइलवर फोटो दाखवले: बिबवेवाडीचा रिकामा तळमजला, मांजरीचे भरलेले रॅक, एकासारखी एक चिठ्ठी. मॅडम खरंच खूश झाल्या. म्हणाल्या, "काका, माझ्या आधीच्या कंपनीत हे काम एवढ्या वेळात झालं नसतं."

मग त्यांनी मेलमधले प्रश्न ओळीने विचारले. काय झालं हे दिसतच होतं. "काय अडलंय?"

"काही नाही, मॅडम."

"माझ्याकडून काय हवंय?"

"तुमचा आशीर्वाद," काका म्हणाले आणि हसले. मॅडमही हसल्या.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, पोटमाळ्यावरच्या मालाचं सांगा ना."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची कुणी वैरीण आहे. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "आपण त्याची काळजी करू नका. त्याची सोय लागतीय."

"नक्की?" मॅडमनी विचारलं.

"नक्की."

मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले. काम काकांचं, बुधवार काकांचा, आणि त्यांच्या वतीने मी किती वेळा बोलणार? मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, मग पुन्हा बसायची गरज नाही, काही लागलं तर फोन करा. बाहेर आल्यावर काका माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

महिनाअखेरीला जागामालकाच्या हातात चावी पडली. पोटमाळा लख्ख रिकामा. मांजरीला जमिनीवर एक खिळाही नाही. मॅडमनी सगळ्यांना मेल पाठवला, काकांचं नाव घेऊन शाबासकी दिली. मी काकांना विचारलं, "मावला सगळा?" ते म्हणाले, "बसवला." मला आश्चर्य वाटलं, पण मीही माणूसच. तक्रारींचे फोन थांबत नव्हते आणि काकांचं काम फत्ते झालं होतं. दिवाळीनंतरही भांडायला माणूस राहणार म्हणून मला बरं वाटलं. मी त्यांच्यासाठी घरून अळूवड्या नेल्या होत्या.

मग अकाउंटवाले मांजरीला मोजणीला गेले. गोडाऊन हललं की कागदावरचा माल आणि प्रत्यक्षातला माल जुळवतात, हे नेहमीचंच. चालू माल तंतोतंत जुळला. जुन्या मॉडेलचा माल मात्र कागदावर होता आणि मांजरीला नव्हता. बिबवेवाडीहून बाहेर पडल्याचं चलन नाही. भंगारात दिल्याची पावती नाही.

मॅडमनी काकांना बोलावलं. दार उघडंच होतं आणि माझं टेबल दारासमोर. मला सगळं ऐकू आलं.

"काका, जुना माल कुठे आहे?"

"घरी हाय," काका म्हणाले. अगदी सहज.

"कुणाच्या घरी?"

"आमच्या. धायरीला. गोठा रिकामाच पडलाय, जनावरं कुठं आता. पत्रे नवीन घातल्यात, खाली फळ्या टाकल्यात. ओल नाही, उंदीर नाही. एक जाळी वाकली नाही, मॅडम. येऊन बघा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "मला का नाही विचारलं?"

आणि काकांनी मेल पाठ म्हणून दाखवला. भंगारात द्यायचं नाही, नाही दिलं. रॅक मागवायचे नाहीत, नाही मागवले. जागा रिकामी पाहिजे, केली. जमिनीवर काही नको, नाही ठेवलं. कधी काय हलवायचं, टेम्पो कुठला, ते तुम्ही ठरवा, मला विचारू नका, असं तुम्हीच लिहिलंय. टेम्पोचं भाडं त्यांनी पदरचं दिलं होतं, कारण कंपनीच्या खर्चाने घरी टेम्पो नेणं त्यांना बरं वाटलं नव्हतं. हे ते भाबडेपणाने सांगत होते, आणि दर वाक्यागणिक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होते. पदरचं भाडं देऊन कंपनीचा माल चलनाशिवाय स्वतःच्या घरी नेला, याला अकाउंटवाले काय म्हणणार हे केबिनच्या बाहेर बसलेल्या मला कळत होतं.

अकाउंटवाल्यांनी तोच शब्द वापरला, चोरी. मोठ्या साहेबांच्या मुलापर्यंत, म्हणजे आताच्या मालकापर्यंत, प्रकरण गेलं. पोलिसांत जायचं नाही एवढं मॅडमनी भांडून मिळवलं. पण वाढवून मिळणारी दोन वर्षं हातची गेली. दिवाळीपर्यंतची उरलेली रजा घ्या आणि घरीच थांबा, असं काकांना सांगण्यात आलं, आणि नियमाप्रमाणे गेटवर त्यांचं कार्ड काढून घेतलं. वॉचमन त्यांच्याच ओळखीने नोकरीला लागलेला होता. त्याने मान खाली घालून कार्ड घेतलं.

संध्याकाळी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाल्या, "मी त्यांना विचारायची संधी दिली होती. समोर बसवून विचारलं होतं."

"दिली होतीत," मी म्हटलं.

"घरी नेऊ नका असं लिहिलं नव्हतं मी. पण असं कुणी लिहितं का?"

राग कुणावर काढावा हेच मला कळत नव्हतं. मॅडमचा मेल चांगला होता. आमच्याकडे इतका चांगला मेल त्याआधी कुणी लिहिला नव्हता. ज्याला विचारायची सवय आहे त्याच्यासाठी तो लिहिलेला होता, आणि तो आला अशा माणसाकडे, ज्याला आम्ही सगळ्यांनी मिळून न विचारण्याबद्दल जन्मभर शाबासकी दिली होती. अडेल तिथे बोला, एवढंच त्यांच्याकडून हवं होतं आणि तेवढंच त्यांना जमणार नव्हतं. मला फार वाईट वाटलं. घरी जाऊन मी नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

मग मॅडमचा मेल मला आला. काम: धायरीहून माल परत आणणं. या आठवड्यात. टेम्पो तुम्ही ठरवा, चलन बनवून न्या. मालाचं पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवायचं नाही. माल डोळ्यांनी बघितलात की तिथूनच मला फोन करा, मग ठरवू.

गोठा खरोखरच नेटका होता. खाली फळ्या, वर ताडपत्री, जाळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या लावलेल्या, मोटरींना तेल दिलेलं. काकू पाणी ठेवून आत गेल्या. काका आठवडाभरात वाळले होते. पण माझ्या हातातलं चलन बघून त्यांना हुरूप आला. "अगोदर मोटरी चढवा, मग जाळ्या," असं टेम्पोवाल्याला सांगत ते कामाला लागले.

मी अंगणाच्या कडेला जाऊन मॅडमना फोन लावला. त्यांनी विचारलं, "यातलं गेल्या दोन-तीन वर्षांत काय वापरलं गेलं?"

"थोड्या जाळ्या. बाकी काहीच नाही."

"मग त्या जाळ्या ठेवू. छोटं खोकं पुरेल. बाकीचं तिथून परस्पर भंगारात द्या, मांजरीला कशाला नाचवायचं. लेखी पाठवते."

काकूंनी आणलेला चहा संपायच्या आत तो मेल आला. एका ओळीचा. अकाउंटवाल्यांनाही प्रत होती. मी तो दोनदा वाचला. एवढंच होतं. बुधवारी अकरा वाजता तोंड उघडलं असतं तर एवढंच होतं. मला तिथेच रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी फोन पर्समध्ये टाकला आणि उगीचच पदर नीट केला.

टेम्पो भरत आला होता. काकांनी घरातून जुनी गोधडी आणून मोटरी आणि जाळ्यांच्या मधे घातली, गतिरोधकावर आपटू नयेत म्हणून. दोर स्वतः आवळला. मग हात झटकत माझ्याकडे आले.

"म्हंजी रॅक मंजूर झालं म्हणायचं."

मी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही सांगता येणार नाही.

"मग मी येतो की बरोबर. लावून देतो अन् संध्याकाळच्या बसनं परत फिरतो. तुम्हाला नाही उमगायचं ताई, कुठली जाळी कुठल्या मॉडेलची. एकदा लावून दिलं की माझं काम संपलं." ते बोलता बोलता चपला घालत होते. काकू दारात आल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात, न्या त्यांना, एवढंच होतं.

खरं सांगायचं तर तो टेम्पो मांजरीला जाणारच नव्हता. शेवटी जे तोंडातून निघालं ते असं, "काका, तुम्हाला बरोबर न्यायचा अधिकार मला दिलेला नाही."

ते लगेच थांबले. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. उलट त्यांना ते पटलं.

"असं लिहिलंय मेलात?"

"हो," मी म्हटलं.

"मग राहू द्या," काका म्हणाले. "लिहिलेलं असलं तर राहू द्या." आणि त्यांनी चपला काढून पुन्हा भिंतीला नीट लावून ठेवल्या.